L-R सर्किटचा टाइम कॉन्स्टंट काढताना या चुका टाळा

सूत्र एवढंसं: τ = L/R. तरीही उत्तर चुकतं, आणि बहुतेक वेळा घोळ R मध्येच असतो. समोर दिसणारा रेझिस्टर तेवढा धरला जातो, पण कॉइल म्हणजे लांबच लांब तांब्याची तार, आणि त्या तारेलाही रेझिस्टन्स असतो.

एक उदाहरण घेऊ. 10 V ची बॅटरी, 40 Ω चा रेझिस्टर आणि 0.5 H ची कॉइल, जिच्या तारेचा रेझिस्टन्स 10 Ω आहे. सगळं एकसरीत. खरा R झाला 50 Ω, म्हणून τ = 0.5/50 = 10 मिलिसेकंद. फक्त 40 Ω धरले तर 12.5 येतात. फंक्शन जनरेटर वापरत असाल तर त्याचा आउटपुट रेझिस्टन्सही मिळवा. तो बऱ्याचदा 50 Ω असतो, म्हणजे इथे R थेट दुप्पट!

ही चूक ऑसिलोस्कोपवर पकडता येते. रेझिस्टरच्या दोन टोकांवर प्रोब लावा. करंट स्थिरावल्यावर तिथे 10 V नव्हे, 8 V दिसतील. उरलेले 2 V कॉइलच्या तारेवर पडतात. म्हणजेच अखेरचा करंट 0.2 A आहे.

इथेच दुसरी चूक होते. τ इतक्या वेळात करंट अखेरच्या किमतीच्या 63.2 टक्के होतो, हे पाठ असतं. पण ते टक्के बॅटरीच्या 10 V वर काढून लोक आलेखावर 6.32 V शोधतात. तो बिंदू सापडतोही, पण जवळजवळ 15.6 मिलिसेकंदांवर! टक्के 8 V चे काढायचे, म्हणजे 5.06 V. स्थिरावलेली रेघ आधी वाचा, मगच टक्के.

ऊर्जेचं गणित जास्त फसवं आहे, कारण ½LI² मध्ये करंटचा वर्ग आहे. अखेरची ऊर्जा ½ × 0.5 × 0.2² = 10 मिलिज्यूल. कॉइलचा रेझिस्टन्स विसरून करंट 0.25 A धरला, तर हीच ऊर्जा 15.6 मिलिज्यूल दिसते. आणि τ ला ऊर्जाही 63 टक्के होते असं समजू नका. 0.632 चा वर्ग 0.4, म्हणून तेव्हा फक्त 4 मिलिज्यूल साठलेले असतात. निम्मी ऊर्जा साठायला करंट 70.7 टक्के व्हावा लागतो, त्याला 1.23τ, म्हणजे साधारण 12.3 मिलिसेकंद लागतात.

एवढं करूनही आकडे जुळत नसतील आणि कॉइलमध्ये लोखंडी गाभा असेल, तर 2τ चा बिंदू तपासा. 20 मिलिसेकंदांना रेझिस्टरवर 6.92 V हवेत. करंट वाढताना आलेख मंदावण्याऐवजी मध्येच उसळी घेत असेल, तर गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतोय. मग L स्थिर राहत नाही आणि τ चा एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही. बॅटरीचा व्होल्टेज कमी करून पुन्हा मोजा.