लग्न ठरण्याआधी कर्जाचं बोलताना या चुका टाळा

गृहकर्जाच्या फाइली तपासणं हे माझं रोजचं काम. नुकतंच लग्न झालेली जोडपी दोघांच्या नावावर कर्ज मागायला येतात, दोघांचे क्रेडिट रिपोर्ट निघतात आणि सुपारी फुटण्याआधी जे बोलायला हवं होतं ते माझ्या टेबलावर पहिल्यांदा बाहेर येतं. दर वेळी चुका त्याच असतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

सगळ्यात जास्त लपून राहते ती जामीनकी. मुद्दाम लपवली जाते असंही नाही. "माझ्यावर कर्ज नाही, फक्त भावाला सही दिलीय," असं म्हणणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं. पण भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मूळ कर्जदार थकला की बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते.

असंच एक जोडपं आलं होतं. दोघांचे पगार चांगले, फ्लॅट पसंत केलेला, बिल्डरला टोकन दिलेलं. मुलाच्या रिपोर्टमध्ये एका खात्यापुढे 'गॅरंटर' लिहिलेलं होतं. चुलतभावाने पोल्ट्रीच्या शेडसाठी सात लाख काढलेले, हप्ता साधारण साडेपंधरा हजारांचा, आणि चार हप्ते थकलेले. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, हे खातं आमचं नाही." तो मान खाली घालून बसला होता. फाइल तिथेच थांबली. डाउन पेमेंटसाठी साठवलेल्या पैशांतून साठ-बासष्ट हजार आणि वर दंड भरून त्यांनी ते खातं नियमित केलं, पण जामीनकी सुटली नाही. चालू कर्जातून जामीनदाराला स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. बँकेची संमती लागते आणि बँक सहसा दुसरा जामीनदार मागते. पैशांपेक्षा तिला लागलं ते हे की सासरी सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिला नव्हतं.

म्हणून आमच्या घरात कोणाचं स्थळ बघायला लागले की मी आधी त्याला त्याचाच रिपोर्ट काढायला लावते. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. विसरलेलं क्रेडिट कार्ड आणि कॉलेजात असताना दिलेली सही, दोन्ही त्यात दिसतात. पतसंस्थेचं कर्ज मात्र त्यात असेलच असं नाही. भिशी आणि हातउसने तर नसतातच. ते आठवून लिहावं लागतं. रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका; त्यात पॅन, पत्ता, सगळं असतं. समोर बसून दाखवा.

दुसरी चूक म्हणजे फक्त हप्ता सांगणं. "एज्युकेशन लोन आहे, चौदा हजार जातात," एवढ्यावर बोलणं संपतं. ऐकणाऱ्याला वाटतं, वर्षा-दोन वर्षांत फिटेल. साडेआठ लाख बाकी असतील, व्याज दहा टक्के आणि हप्ता १४,२०० असेल तर ते फिटायला जवळपास सात वर्षं लागतात. तोवर मूल शाळेत जायला लागलेलं असू शकतं. आई किंवा वडील सहकर्जदार असतील तर तेही सांगा, कारण हप्ता चुकला तर बँकेचा फोन त्यांनाही जातो. माझ्या मते बाकी रक्कम, व्याजदर आणि शेवटच्या हप्त्याचा महिना एका दमात सांगावा. त्यातलं एक जरी राहिलं तरी पुढचा माणूस चुकीचा हिशेब मांडतो.

घरी पाठवायच्या पैशांचंही तसंच. "आईबाबांना थोडं देतो," यातून काहीच कळत नाही. औषधांना सहा हजार कायम जाणार आणि धाकटीची फी अजून तीन वर्षं भरायची, असं सुटं सुटं सांगा. यातलं काय कमी होऊ शकतं आणि काय नाही, हेही तेव्हाच बोला.

"सिबिल किती?" एवढं विचारून मोकळे होणारे उतावीळ लोक हल्ली फार भेटतात. ७८० स्कोअर असलेल्या माणसावर तीस लाखांचं कर्ज असू शकतं. हप्ते वेळेवर जातात, एवढंच तो आकडा सांगतो.

मध्यस्थामार्फत निरोप पाठवू नका. रक्कम वाटेत बदलते.

लग्नातल्या आहेरातून कर्ज फेडायचा बेत करू नका.

वेळेचं म्हणाल तर पहिल्याच भेटीत कांदेपोह्यांवर हे काढायची गरज नाही. दोघांनाही पुढे जावंसं वाटलं की, घरच्यांची बैठक ठरण्याआधी, दोघांनीच बसून बोला. हॉल बुक झाल्यावर सांगितलं तर समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही. ऐकल्यावर तिने किंवा त्याने आठवडाभर विचार करायला मागितला तर तो द्या, आणि त्या आठवड्यात रोज फोन करून "मग काय ठरलं?" असं विचारू नका.