आधी कात्री की आधी कलर? केस रंगवताना या चुका टाळा

लग्नसराई लागली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसणारी दर दुसरी मुलगी म्हणते, “ताई, आज कलर तेवढा करून टाका, कटिंगला नंतर येते की.” कटिंग किती करणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “तसं काय ठरवलं न्हाई अजून.” म्हणजे डोक्यावर केस किती उरणार हे ठाऊक नाही, पण रंग कुठं लावायचा ते मात्र रीलमध्ये बघून ठरलंय.

माझा हिशेब साधा आहे. टोकं अर्धा इंच, फार तर एक इंच छाटायची असतील तर कलर आधी. रंगवताना, आणि विशेषतः केस लाइट करताना, टोकं कोरडी पडतात. ती शेवटी छाटली की काम स्वच्छ दिसतं. पण लांबी तीन-चार इंचांनी कमी होणार असेल, नव्यानं लेयर्स किंवा फ्रिंज येणार असेल, तर कात्री आधी. तेही एकाच बैठकीत. आधी बेस कट, मग कलर, मग धुऊन पूर्ण वाळवायचे आणि कोरड्या केसांवर कात्रीची शेवटची फिनिशिंग. ओल्या केसांत रंग गडद दिसतो, त्यामुळं वाळवल्याशिवाय मी शेडबद्दल बोलतच नाही.

हायलाइट्स आधी, स्टेप कट नंतर

या चुकीनं माझं डोकं सगळ्यात जास्त उठतं. गडहिंग्लजकडची एक मुलगी बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर आली होती. केस सरळ, वीस इंच लांब. एका पार्लरमध्ये तिनं बालायाज करून घेतलं होतं. मुळापासून बारा इंच नैसर्गिक काळा आणि खालचे आठ इंच मधाळ सोनेरी. काम खरं तर चांगलं होतं. मग चार दिवसांनी कुणीतरी म्हणालं, “केस लईच चपटे दिसत्यात, स्टेप कट मार की.” दुसऱ्या पार्लरमध्ये गेली आणि मारून आली.

आता गणित बघा. स्टेप कटमध्ये टाळूवरचे केस सगळ्यात आखूड होतात. तिचे अकरा इंचांवर कापले होते. सोनेरी रंग बाराव्या इंचापासून सुरू होता, म्हणजे वरच्या थरातला रंग सगळाच्या सगळा झाडूनं भरला गेला. मधले केस पंधरा इंचांवर आले, त्यात तीन इंच रंग उरला, तोही काळ्यातून सोनेरीत हळूहळू जाणारा भाग तिथंच तुटल्यामुळं टोकं बुडवून काढल्यासारखा. मानेजवळचे केस दोनच इंच कापले होते, तिथं सहा इंच रंग शाबूत. परिणाम असा की वर काळी टोपी आणि खाली एकदम पिवळट झालर. पदर कापून टाकायचा आणि मग पैठणी पैठणीसारखी का दिसत नाही म्हणून विचारायचं, त्यातला प्रकार.

“सगळं पुन्हा ब्लीच करा,” असं तिचं म्हणणं होतं. ते मी ऐकलं नाही. लाइट झालेल्या केसांवर पुन्हा ब्लीच ओढलं की केस ताणल्यावर रबरासारखे लांबतात आणि तुटतात. मी टाळूवर आणि चेहऱ्याभोवती अगदी बारीक बटा उचलून फॉइल लावले, तेही मुळापासून दोन-तीन इंच सोडून आणि फक्त न रंगवलेल्या केसांवर. ब्लीच आणि रंग ज्यात कालवतात तो डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा घेतला, त्याहून कडक नाही. अधूनमधून फॉइल उघडून बघत राहिले. खालच्या पिवळ्या झालरीत काही बटा दोन शेड गडद करून आत मिसळल्या आणि शेवटी पिवळेपणा मारायला सगळ्यावर टोनर. दुपार गेली, आणि तिचे जवळपास दुप्पट पैसे गेले. आधी कट झाला असता तर बालायाज करणाऱ्या बाईला प्रत्येक थराचं टोक कुठं येतंय ते दिसलं असतं आणि तिनं वरच्या थरात रंग सातव्या-आठव्या इंचापासूनच उचलला असता.

“शेड तीच, मग वेगळी का दिसते?”

ही दुसरी तक्रार. बहुतेक वेळा ट्यूबची चूक नसते, कटची असते. ब्लंट बॉबमध्ये सगळी टोकं एका रेषेत येतात, केस दाट बसतात, आतून उजेड पार होत नाही, म्हणून रंग भरीव आणि गडद वाटतो. तोच रंग लेयर्समध्ये उजळ दिसतो, कारण टोकं वेगवेगळ्या उंचीवर सुटी होतात आणि त्यांच्यातून उजेड जातो. पातळ केसांत तर हा फरक लगेच कळतो.

त्यात वयाचाही भाग आहे. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. म्हणजे वीस इंचांवरचं टोक तीन वर्षांहून जुनं असतं. ऊन, शाम्पू, स्ट्रेटनर सोसून ते सच्छिद्र झालेलं असतं, रंग झटकन पितं आणि तितकाच झटकन सोडतं. लांब केसांचा जो तपकिरी रंग आपल्या डोळ्यांना सवयीचा असतो, त्यात या उडालेल्या टोकांचा वाटा मोठा. ती कापली की वरचा खरा, गडद रंग उघडा पडतो.

म्हणून कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आणणाऱ्या काकूंना ४ नंबरची शेड हवी असली तरी मी एक पायरी फिकट, ५ नंबरच्या बटा दाखवते. बॉबमध्ये ४ नंबर संध्याकाळी सरळ काळाच दिसतो. मात्र हे पांढऱ्या किंवा आधी न रंगवलेल्या केसांसाठी. आधीच गडद रंगवलेल्या केसांवर फिकट ट्यूब फासून काही उजळत नाही, रंगानं रंग निघत नाही. आणि काळी मेंदी लावली असेल तर आधी सांगा. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात आणि डेव्हलपर लागल्यावर केस गरम होऊन खराब होतात. अशा वेळी मी मागची एक बट कापून आधी तिच्यावर करून बघते. “एवढा वेळ न्हाई ओ” म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

लांब केस सगळे रंगवून मग अर्धे कापायचे, म्हणजे दोन-अडीच ट्यूबचे पैसे देऊन त्यातली एक जमिनीवर पाडायची.

मानेवरून आखूड कट घेणार असाल तर कट आधीच. आतले पांढरे केस तोपर्यंत कुणाला दिसलेलेच नसतात.

पोरांनो, साइडला फेड मारायचा असेल तर स्ट्रीक्स त्यानंतर.

नव्या फ्रिंजला रंग सगळ्यात शेवटी लावायचा. कपाळालगतचे केस बारीक असतात, रंग लवकर धरतात, आणि मागच्याबरोबरच लावला तर चेहऱ्यावर नेमकी काळी पट्टी येते. शेड बघायला पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली थांबू नका, हातात आरसा घेऊन दारात या. तिथं फ्रिंज जास्तच गडद वाटली तर घरी जाऊन कात्री लावू नका. आठवडाभर धुण्यात थोडी उतरते, आणि नाही उतरली तर कपाळावरचं ते दोन बोटं काम परत करून घ्यायला फार वेळ लागत नाही.