पितळ, जीआय, तांबं एकाच लाईनीत? या चुका टाळा, नाहीतर पाणी झिरपतच राहतं

लातूरला आमच्या मावसभावाच्या घरी गच्चीवर टाकी, टाकीपासून जुनी जीआयची लाईन, आणि मग सोलर बसवला ज्याच्या आतल्या नळ्या तांब्याच्या. प्लंबरनं सोलरचं गरम पाणी खाली न्यायला भिंतीतली तीच जुनी जीआय लाईन वापरली, मध्ये पितळी व्हॉल्व लावला, काम झालं. दोनेक वर्षांनी बाथरूमच्या भिंतीला ओल, सकाळी पहिलं पाणी तांबूस. प्लंबर म्हणला जॉइंट ढिला झालाय. पाना लावून आवळला, आठ-पंधरा दिवस बरं वाटलं, परत झिरपायलंय.

जॉइंट ढिला नव्हताच, पाईप आतून खाल्ला गेला होता.

होतं काय, की दोन वेगळे धातू एकमेकाला टेकले आणि दोघांमधून क्षाराचं पाणी गेलं की बारीक करंट तयार होतो, बॅटरीच्या सेलसारखा, आणि त्यात एक धातू झिजतो, दुसरा वाचतो. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. पहिले जस्त जातं, मग लोखंड, आणि पितळ-तांबं मात्र टिकतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळं करंट सहज वाहतो आणि झीज लवकर होते. गरम पाण्यात अजून लवकर.

आता लोक विचारतात की पितळी कॉक तर सगळ्यांच्याच जीआय लाईनला असतात, ते कुठं गळतात? बरोबर आहे. पितळ थोडं आणि जीआय भरपूर असेल तर झीज एवढ्या मोठ्या पाईपभर वाटली जाते, वर्षानुवर्षं काही होत नाही. उलटं असलं की वाट लागते, म्हणजे एका बाजूला लांब तांब्याची नळी, दुसऱ्या बाजूला पितळी व्हॉल्व आणि मध्ये चार इंचाचा जीआय निपल, तर सगळा मार त्या एकट्या निपलवर. त्यातही आट्यांवर, कारण आटे पाडताना जस्त निघून गेलेलं असतं आणि पाईपही तिथं पातळ झालेला असतो.

पण लातूरच्या घरात मोठी चूक वेगळीच होती, आणि ती फार जणांना माहीत नसते. तांब्यातून जाणारं पाणी अगदी थोडं तांबं विरघळवून पुढं नेतं. ते पुढच्या जीआय पाईपात आतून ठिपक्या-ठिपक्यानं बसतं आणि प्रत्येक ठिपक्याजवळ खड्डा पडत जातो. म्हणून पाण्याची दिशा बघायची: आधी जीआय, नंतर तांबं, हे एकवेळ चालतं. आधी तांबं आणि मग जीआय, हे नाही चालत. सोलरकडं जाणारी थंड लाईन त्यांची ठणठणीत होती, गरम पाण्याचीच सडली, ते यामुळंच.

ओळखायचं कसं तर जॉइंटजवळ गंजाचा तांबडा ओघळ, वर पांढरट पापुद्रा, आणि गळती मधेच आपोआप बंद होते. ती बरी झालेली नसते, गंजानं आणि क्षारानं भोक तात्पुरतं बुजलेलं असतं. शंका असेल तर रात्री सगळे नळ बंद करून, टाकीत येणारं पाणीही बंद करून, पातळीला खडूनं खूण करा आणि सकाळी बघा.

मग लोक काय करतात, टेफलॉन डबल गुंडाळतात. अहो, आवळताना आटे टेप कापून एकमेकाला टेकतातच, टेपनं पाणी थांबतं, करंट थांबत नाही. एम-सील वरून लावतात, पाईप आतून सडायलाय. नाहीतर तोच जीआय निपल नवा आणून बसवतात, तोही तसाच जातो. आणि सडलेल्या आट्यावर पाना मारला तर तुकडा भिंतीतच राहतो, मग फोडा टाईल्स.

बरोबर काम असं: मधला छोटा जीआय निपल काढून पितळी टाकायचा, आणि पितळ जिथं जीआयला भेटतं तिथं प्लास्टिकच्या बुशचं इन्सुलेटेड युनियन बसवायचं. पण त्यानं फक्त करंट तुटतो, पाण्यातून येणारं तांबं येतच राहतं, म्हणून सोलरनंतरची जीआय लाईन बदलण्याला पर्याय नाही. भावाकडं ती सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाईपाची केली. फक्त सोलरच्या तोंडाशी सीपीव्हीसी लावू नका, उन्हाळ्यात तिथलं पाणी उकळीला येतं आणि तो पाईप साधारण ९० डिग्रीच्या पुढं नरम पडतो. पहिले काही फूट गरम पाण्याचा कंपोझिट पाईप घ्या.

आणि एक, युनियन किंवा सीपीव्हीसी टाकायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. जुन्या घरात कितीदा गीझरची अर्थिंग पाण्याच्या पाईपालाच बांधलेली असते, मधे प्लास्टिक आलं की ती तुटते. अर्थिंगची वेगळी वायर आधी ओढून घ्या, मग पाईप कापा.