पाटीवरचा रफार

पंचवटीतल्या दुकानाची पाटी चढली आणि खाली उभ्या नितीनचा पारा चढला. 'दुर्गा ड्रेसेस'चं झालं होतं 'दुगार् ड्रेसेस'. "आईचं नाव आहे रे! नीट पाठवता येत नाही तुला?" मी मोबाइल पुढे केला, डिझायनरला पाठवलेला मजकूर बरोबर होता. तोही बघेना, मीही हटेना.

शेवटी दोघं डिझायनरकडे गेलो. त्याने युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेऊन परत आणला होता. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये परत आणताना कन्व्हर्टरने तो 'गा'च्या आधी नेलाच नाही. म्हणून शेवटी सुटा र्.

पाटी रेडियमची, त्यामुळे वाचली. ड्रायरने गरम करून र् सोलला, शिरोरेषा कटरने छाटली, 'गा'वर नवा रफार चिकटवला. मोकळी जागा जरा खटकते. पण शिडी नितीननेच धरली होती. आता डिझायनरकडून आधी प्रिंट मागवतो, जोडाक्षरं बोटाने वाचतो, मगच कटिंग.