अनुभवाचे गुण मोजताना जुन्या वर्षांचे वजन कमी केले, त्याची नोंद

डेटाबेस प्रशासकाच्या पदासाठी आलेले अर्ज लावताना आमच्या तक्त्यात अनुभवाची सगळी वर्षे सारखीच धरली जात, त्यामुळे सहा वर्षांपूर्वी हे काम सोडलेला, पण त्याआधी आठ वर्षे ते केलेला उमेदवार, गेली चार वर्षे तेच काम करणाऱ्यापेक्षा दुप्पट गुण घेऊन वर बसत असे. त्यावर मी अर्धायुष्याची पद्धत लावली: दर पाच वर्षांनी अनुभवाचे वजन निम्मे होते.

एका नोकरीला एकच वजन देण्याचा मोह होतो, पण शेवटच्या तारखेचे वजन लावल्यास चौदा वर्षे एकाच जागी असलेल्याला चौदाही वर्षे पूर्ण मिळतात. म्हणून नोकरीच्या संपूर्ण काळावर बेरीज केली. `B2` मध्ये नोकरी संपून झालेली वर्षे आहेत (चालू असल्यास शून्य) आणि `C2` मध्ये ती सुरू होऊन झालेली.

```
=5/LN(2)*(2^(-B2/5)-2^(-C2/5))
```

चालू चार वर्षांचे ३.०७ आले, जुन्या आठ वर्षांचे २.१०.

खरी अडचण पुढे आली. या सूत्राने कितीही नोकरी केली तरी बेरीज ७.२१ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे 'किमान आठ वर्षे' ही अट त्यावर लावताच सगळेच अर्ज बाद झाले. आता पात्रता साध्या वर्षांवर तपासतो आणि क्रम तेवढा या गुणांवर लावतो. एकाच वेळी केलेल्या दोन नोकऱ्यांचा काळ आधी एकत्र करावा लागतो, नाहीतर तो दोनदा मोजला जातो. बालसंगोपनासाठी घेतलेल्या रजेचा काळ मात्र अनुभव किती जुना झाला हे मोजताना मी वजा करतो. माझ्या मते तो धरणे अन्यायाचे आहे.