कोकम सरबतासाठी नाव आणि घोषवाक्य कसे निवडावे

मालवण परिसरातला एखादा महिला बचत गट अमृत कोकम, म्हणजे कोकमाचे गोड सरबत, बाटलीत भरून बाजारात आणणार आहे, असे समजू. पाककृती ठरली आहे, बाटली निवडली आहे आणि लेबल छापण्यापूर्वी नाव ठरवायचे आहे. बैठकीत ‘रातांबा’, ‘सडा’, ‘निवळ’, ‘पडवी’ आणि ‘ओसरी’ अशी पाच नावे पुढे आली. पाचही कानाला गोड वाटतात, म्हणून मतदान घेऊन मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि प्रत्येक नाव पुढील क्रमाने पारखून घ्यावे.

आधी अर्थ पाहावा, आणि तो केवळ आपल्या बोलीतला नव्हे. कोकणात सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. तिथल्या माणसाला तो शब्द घरचा वाटतो. पण हीच बाटली महामार्गावरच्या दुकानात हिंदी भाषक प्रवाशाच्या हाती गेली, तर ‘सडा’ वाचून त्याला ‘सड़ा’, म्हणजे कुजलेले, हाच अर्थ आठवेल. खाण्यापिण्याच्या वस्तूला हा धोका पत्करूच नये. ‘रातांबा’ची अडचण निराळी आहे: ते कोकमाच्या फळाचेच नाव आहे. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार वस्तूचे केवळ वर्णन करणाऱ्या किंवा तिचे उगमस्थान सांगणाऱ्या शब्दाची नोंदणी सहसा नाकारली जाते. त्यामुळे उद्या शेजारच्या गटानेही ‘रातांबा सरबत’ काढले, तर त्यांना अडवणे कठीण जाईल. नाव वस्तूपासून थोडे दूर असणे म्हणूनच हिताचे असते. सरबत कशाचे आहे, हे लेबलवर वेगळ्या ओळीत लिहावेच लागते; तो भार नावावर टाकण्याचे कारण नाही.

यानंतर उच्चार. मराठी नावांची खरी परीक्षा रोमन लिपीत होते, कारण मोबाइलवर शोधणारा ग्राहक बहुधा त्याच लिपीत टाइप करतो. ‘निवळ’ रोमन लिपीत लिहिले की ‘ळ’ हरवतो आणि उरतो ‘निवल’. ‘पडवी’मधला ‘ड’ रोमन लिपीत ‘द’सारखाच दिसतो, त्यामुळे परका वाचक सरळ ‘पदवी’ म्हणतो. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार असल्याने त्यांनी सुरू होणारी नावेही जपून घ्यावीत. ही चाचणी सोपी आहे. नाव रोमन लिपीत कागदावर लिहून गटाबाहेरच्या दहा जणांकडून वाचून घ्यावे. मग दुसऱ्या दहा जणांना फोनवर एकदाच नाव सांगून ते लिहायला लावावे. दोन-तीन जण जरी अडखळले, तरी ते नाव बाजूला ठेवावे.

आणखी एक कसोटी खास मराठीची आहे आणि ती बहुतेक जण विसरतात: नावाला विभक्ती लावून पाहावी. ‘सडा’ची बाटली म्हणताना जीभ आपसूक ‘सड्याची’ म्हणते, आणि ‘रातांब्याचे सरबत’ म्हटले की नाव पुसले जाऊन फळ तेवढे उरते. ‘ओसरीची बाटली द्या’ हे मात्र दुकानात सहज म्हणता येते आणि शब्दाचे रूपही तेच राहते.

लक्षात राहण्याची परीक्षा दोन दिवसांनी घ्यावी. ज्यांना नावे ऐकवली होती, त्यांना यादी न दाखवता ‘त्यातले कोणते आठवते?’ एवढेच विचारावे. ‘कोणते आवडले?’ असे विचारू नये. ओळखीची माणसे भिडेखातर उत्तर देतात.

आपल्या उदाहरणात ‘ओसरी’ टिकते: तीन अक्षरे, एकही अवघड ध्वनी नाही, आणि उन्हातून आलेल्या पाहुण्याला जिथे बसवून सरबत द्यायचे, ती जागा. तरीही लेबल छापायला देऊ नये. ipindia.gov.in या संकेतस्थळावर व्यापारचिन्हांचा शोध घ्यावा. सरबते ३२व्या वर्गात येतात. जसेच्या तसे नाव शोधून थांबू नये, उच्चारसाधर्म्याचा शोधही घ्यावा, कारण कानाला सारखे वाटणारे नावही आक्षेपास पात्र ठरते. तिथे अडचण दिसली, तर यादीतल्या पुढच्या नावाकडे वळावे. वाट मोकळी असेल, तर व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे चालते.

घोषवाक्य नावानंतरच लिहावे, आणि नावात जे आलेले नाही ते त्यात यावे. कोकमासाठी ‘पित्ताला पळवा’ हे पहिल्यांदा सुचते, पण आजार बरा करण्याचा दावा अन्नपदार्थावर करता येत नाही. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ या शब्दांनाही अन्नसुरक्षा नियमांच्या अटी आहेत, शिवाय ते शेजारच्या प्रत्येक बाटलीवर असतातच. त्यापेक्षा घरात खरोखर बोलले जाणारे वाक्य शोधावे. ‘ओसरी’खाली ‘उन्हातून आलात, बसा’ एवढेच छापले, तर तीन शब्दांत यजमान, ऊन आणि सरबताची वेळ तिन्ही येतात. ते मोठ्याने म्हणून पाहावे, आणि बाटलीवरच्या प्रत्यक्ष आकारात छापून हातभर अंतरावरून वाचता येते का, हेही पाहावे.