निकालात दोन-तीन मुलांचे गुण अगदीच कमी आहेत? सरासरी, मध्यक, बहुलक निवडताना या चुका टाळा

वीस विद्यार्थ्यांच्या एका वर्गाचे १०० पैकी गुण चढत्या क्रमाने लावले आहेत:

४, ७, ११, ५२, ५५, ५८, ६०, ६१, ६३, ६४, ६६, ६६, ६८, ७०, ७१, ७३, ७५, ७८, ८२, ८६

बेरीज ११७०, म्हणजे सरासरी ५८.५. निकालपत्रकाखाली बहुतेक वेळा एवढा एकच आकडा लिहिला जातो आणि त्यावरून वर्ग जेमतेम आहे असं ठरतं. पण यादी नीट पाहा. वीसपैकी चौदा जणांना ५८.५ पेक्षा जास्त गुण आहेत. ज्या आकड्याच्या वर दोनतृतीयांशाहून जास्त वर्ग उभा आहे, तो आकडा ‘या वर्गातला साधारण विद्यार्थी’ म्हणून कसा चालेल?

इथे मध्यक घ्यावा हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत असतं. तरीही मध्यक काढण्याआधी काही गोष्टी चुकतात, आणि काढून झाल्यावरही चुकतात.

कमी गुण खरे आहेत का, हे न तपासता गणित सुरू करणं

४, ७ आणि ११ हे आकडे दिसले की पहिलं काम उत्तरपत्रिका काढून पाहण्याचं. ७ हे खरंच ७ आहेत, की ७१ लिहिताना १ राहून गेला? एखाद्या पुरवणीचे गुण बेरजेत धरायचे राहिले का? नोंदीतली चूक असेल तर ती दुरुस्त करायची. मध्यक घेतल्याने तिचा परिणाम झाकला जाईल, पण त्या मुलाच्या नावापुढे चुकीचे गुण तसेच राहतील.

दुसरी गफलत गैरहजर विद्यार्थ्यांची. स्प्रेडशीटमध्ये गैरहजराच्या रकान्यात ० टाकला, तर तो सरासरीत धरला जातो. रकाना रिकामा ठेवला किंवा त्यात ‘गैरहजर’ असा शब्द लिहिला, तर पुढची दोन्ही सूत्रं तो वगळतात:

```
=AVERAGE(B2:B22)
=MEDIAN(B2:B22)
```

आपल्या वर्गात एकविसावा विद्यार्थी गैरहजर होता आणि त्याला ० लिहिला असं समजा. सरासरी ५८.५ वरून ५५.७ वर येते, मध्यकही ६५ वरून ६४ होतो. त्या मुलाने पेपर दिलाच नाही, त्यामुळे त्याच्या तयारीबद्दल हा शून्य काहीच सांगत नाही. पेपर देऊन कोरा ठेवणाऱ्याचा शून्य मात्र खरा गुण आहे, तो यादीत राहिलाच पाहिजे. दोघांची नोंद सारखी केली की पुढचं सगळं गणित बिघडतं.

सरासरीला ‘मधला विद्यार्थी’ समजणं

सरासरीच्या खालच्यांची एकूण तूट आणि वरच्यांची एकूण वाढ नेहमी समान असते. या वर्गात ५८.५ च्या खाली सहा जण आहेत आणि त्यांची मिळून तूट १६४ गुणांची आहे. त्यातली १५३.५ गुणांची तूट फक्त तीन तळच्या मुलांची! उरलेल्या तिघांची (५२, ५५, ५८) मिळून अवघी १०.५. म्हणजे सरासरी कुठे थांबणार हे बाकी वर्गापेक्षा या तिघांनीच जास्त ठरवलं.

मध्यक आकड्यांचं अंतर बघतच नाही, फक्त क्रम बघतो. वीस गुण असल्यामुळे दहाव्या आणि अकराव्या गुणांची सरासरी घ्यायची: ६४ आणि ६६, म्हणजे ६५. निम्मा वर्ग ६५ च्या वर, निम्मा खाली. ‘या वर्गातल्या साधारण मुलाला किती मिळाले?’ या प्रश्नाला हे प्रामाणिक उत्तर आहे. हाताने काढत असाल तर यादी आधी चढत्या क्रमाने लावलीच पाहिजे. हजेरीपटाच्या क्रमातले दहावे-अकरावे गुण म्हणजे मध्यक नव्हे.

तळचे गुण काढून टाकून ‘खरी’ सरासरी काढणं

हा मोह मोठा असतो. तिघांना वगळलं की सतरा जणांची सरासरी ६७.५ येते आणि निकाल एकदम छान दिसतो. पण ही तीन मुलं त्याच वर्गातली आहेत, त्यांनी तोच पेपर दिला आहे. गुण आपल्याला अडचणीचे वाटतात हे ते वगळण्याचं कारण होऊ शकत नाही. शिवाय कुणाला वगळायचं याची रेघ मारणार कुठे? आज ११ वगळले, उद्या ५२ वगळावेसे वाटतील. सतरा जणांची सरासरी द्यायचीच असेल, तर ती सतरा जणांचीच आहे आणि तिघं का वगळले, हे त्याच ओळीत लिहा.

बहुलकावर विसंबणं

या वर्गाचा बहुलक ६६ आहे, आणि तो मध्यकाच्या जवळ आहे म्हणून बरा वाटतो. पण तो आलाय कशावरून? फक्त दोघांना ६६ मिळाले म्हणून. फेरतपासणीत त्यातल्या एकाचे ६७ झाले, तर एकही गुण दोनदा येत नाही आणि बहुलक उरतच नाही. स्प्रेडशीटमध्ये अशा वेळी `=MODE.SNGL(B2:B21)` हे सूत्र `#N/A` दाखवतं. किंवा समजा, ७ गुणांच्या मुलाला चार गुण वाढून ११ झाले. आता ११ दोनदा आणि ६६ ही दोनदा. वर्गात ‘सर्वाधिक वेळा मिळालेले गुण’ ११ असं म्हणता येईल आणि ते गणिताने चूकही नसेल! `MODE.SNGL` तर बरोबरी असली तरी एकच आकडा देतं, त्यामुळे दुसरा आहे हे कळतही नाही. सगळे बहुलक हवे असतील तर `MODE.MULT` वापरावं लागतं.

शंभर गुणांचा पेपर आणि वीस मुलं असताना एकाच गुणावर बरेच जण येण्याची शक्यता मुळात कमी. म्हणून काही जण गुणांचे गट करून बहुलकीय वर्ग सांगतात. ५०-५९ मध्ये तीन, ६०-६९ मध्ये सात, ७०-७९ मध्ये पाच. तेव्हा सर्वाधिक मुलं ६०-६९ मध्ये. हे एकेका गुणापेक्षा बरं आहे. पण गटांच्या सीमा फक्त पाचने सरकवून बघा: ५५-६४ मध्ये सहा आणि ६५-७४ मध्येही सहा. मुलं तीच, गुण तेच, तरी उत्तर बदललं. गट शाळेने आधीच ठरवलेल्या श्रेणींचे असतील तर बहुलक वापरा; ‘सर्वाधिक मुलांना ब श्रेणी’ हे वाक्य कामाचं आहे. बहुपर्यायी प्रश्नात सर्वाधिक मुलांनी कुठला चुकीचा पर्याय निवडला, हे सांगायलाही बहुलकच लागतो, तिथे सरासरीला अर्थच नसतो. सुट्या गुणांच्या यादीसाठी मात्र मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

मध्यक लिहिला की काम झालं असं मानणं

माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारी चूक ही आहे, कारण इथे निवड बरोबर असते आणि तरीही माणसं नजरेआड होतात. ४, ७, ११ च्या जागी तिघांनाही शून्य असते, तरी मध्यक ६५ च राहिला असता. आता उलट बाजू पाहा. या तिघांसाठी तीन महिने जादा तास घेतले आणि पुढच्या चाचणीत त्यांना ४०, ४१ आणि ४५ मिळाले, बाकी सगळ्यांचे गुण होते तसेच राहिले. शिक्षकाने घेतलेल्या कष्टाचं फळ समोर आहे, पण मध्यक? ६५. जागचा हललाही नाही. सरासरी मात्र ५८.५ वरून ६३.७ वर गेली.

म्हणजे सरासरीचा जो गुण आधी दोष वाटत होता, तोच इथे उपयोगी पडला. साधारण विद्यार्थी दाखवायचा असेल तर मध्यक. तळच्या मुलांमध्ये झालेला बदल एकूण निकालात उमटायला हवा असेल तर सरासरी. आणि निकालपत्रकात मध्यक लिहिलात, तर शेजारी तळाचं चित्र लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. या वर्गासाठी मी असं लिहीन: ‘मध्यक ६५, सरासरी ५८.५. सतरा विद्यार्थी ५२ ते ८६ च्या दरम्यान. तिघांना १२ पेक्षा कमी.’ वाचणाऱ्याला दोन आकड्यांतली साडेसहा गुणांची तफावत कुठून आली ते लगेच कळतं, आणि ते तिघंही दिसतात.

सरासरी आणि मध्यक जुळले म्हणजे सगळं ठीक, असं समजणं

दोन्हींत मोठी तफावत असेल तर यादी पुन्हा पाहायची, ही सवय चांगली. पण तफावत नाही म्हणून यादी न पाहणं धोक्याचं. दहा जणांची ही तुकडी घ्या:

१२, १४, १५, १८, २०, ६८, ७०, ७२, ७५, ७७

सरासरी ४४.१, मध्यक ४४. इतके जवळ की शंका यायचं कारणच नाही. आणि तरी या तुकडीत ४४ च्या आसपास एकही मूल नाही! निम्म्यांना विषय समजलाय, निम्म्यांना अजिबात नाही. ४४ हा मधल्या मोकळ्या जागेतला आकडा आहे. कमी गुणांची मुलं थोडी असतात तोवरच मध्यक त्यांच्या ओढीपासून सुरक्षित राहतो. ती संख्या निम्म्यावर आली की तोही कोसळतो. अशा वेळी एका आकड्याचा हट्ट सोडून दोन गट वेगळे लिहावेत: पाच जण १२ ते २० मध्ये, पाच जण ६८ ते ७७ मध्ये. हे ओळखायला कुठलंही सूत्र लागत नाही. दहा-दहा गुणांचे रकाने आखून प्रत्येक मुलासाठी एक खूण करा, मधली रिकामी जागा लगेच दिसेल.

तुकड्यांच्या मध्यकांची सरासरी काढणं

अ तुकडीचा मध्यक ६५, ब तुकडीचा ५९, म्हणून इयत्तेचा ६२, असं करता येत नाही. दोन्ही तुकड्यांचे गुण एकत्र करून, क्रम लावून मध्यक नव्याने काढावा लागतो. सरासरीच्या बाबतीत तुकड्यांच्या सरासऱ्या आणि मुलांची संख्या एवढ्यावर भागतं, पण ती संख्या विसरून चालत नाही. अ तुकडीत २० मुलं आणि सरासरी ५८.५, ब तुकडीत ३० मुलं आणि सरासरी ६२ असेल, तर एकूण गुण ११७० अधिक १८६०, म्हणजे ३०३०. भागिले ५०, उत्तर ६०.६. दोन सरासऱ्यांची बेरीज करून दोनने भागलं तर ६०.२५ येतात, कारण लहान तुकडीला मोठीइतकंच वजन मिळतं, आणि तिच्यातल्या त्या तीन कमी गुणांनाही.